एकतीस स्लाइड, सात पानं: एका तासाच्या नोट्स कशा तयार झाल्या

माझी भाची नाशिकच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर पंचवटीत, कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला. परीक्षेला बारा दिवस उरले असताना ती निमाणीहून बस पकडून माझ्याकडे सातपूरला आली. मॅडमनी ग्रुपवर टाकलेल्या स्लाइड तिने कॉलेज रोडवर झेरॉक्सवाल्याकडून एका पानावर सहा अशा छापून घेतल्या होत्या. विषय परिव्यय लेखांकन, तास सीमांत परिव्ययाचा, म्हणजे मुलं ज्याला मार्जिनल कॉस्टिंग म्हणतात त्याचा. स्लाइड एकतीस.

"मामा, मी या चार वेळा वाचल्यात. सगळं कळतं. पण गणित समोर आलं की सुचत नाही," ती म्हणाली.

मी एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो, त्यामुळे विषय माझ्या रोजच्या वापरातला. तरी पहिल्या संध्याकाळी मी तिला काहीच शिकवलं नाही. आम्ही फक्त स्लाइड निवडल्या. पेन्सिलीने प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहायचं: व्याख्या असेल तर व्या, सूत्र असेल तर सू, आकडे सोडवलेले असतील तर उ, आकृती असेल तर आ, फायदे-मर्यादांची यादी असेल तर या, आणि नुसतं शीर्षक किंवा चित्र असेल तर काट. मोजल्यावर आठ व्याख्या, सात सूत्रं, चार उदाहरणं, दोन आकृत्या, चार याद्या निघाल्या आणि सहा स्लाइड काट झाल्या. वीस मिनिटांचं काम. पण त्यातून एक गोष्ट लगेच दिसली: सूत्रं सात आणि उदाहरणं चार. तीन सूत्रांचं एकही गणित तिने कधी पाहिलं नव्हतं. चार वेळा वाचून हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण वाचताना सूत्र ओळखीचं वाटतं आणि डोळा पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. स्लाइडवर समविच्छेदन बिंदू, म्हणजे ब्रेक-इव्हन पॉइंट, सातव्या क्रमांकावर होता आणि अंशदान, म्हणजे विक्री किमतीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, बाराव्यावर. मधल्या चार स्लाइड या पद्धतीच्या फायद्यांच्या आणि मर्यादांच्या. वर्गात हे चालतं. मॅडम आधी "धंदा तोट्यातून कधी बाहेर येतो" असा प्रश्न टाकतात, मुलांना त्यात ओढतात आणि मग मागे जाऊन अंशदान समजावतात. नोट्समध्ये मात्र हा क्रम घातक ठरतो, कारण समविच्छेदन बिंदूचं सूत्र अंशदानावर उभं आहे. म्हणून आम्ही एकच नियम ठेवला: कोणत्याही व्याख्येत जो शब्द येईल, त्याची व्याख्या त्या आधीच्या ओळींत झालेली असली पाहिजे. तसा क्रम लावल्यावर साखळी अशी झाली: स्थिर खर्च आणि बदलता खर्च, त्यातून अंशदान, त्यातून पी/व्ही रेशो, मग समविच्छेदन बिंदू, मग सुरक्षितता सीमा. फायदे-तोट्यांच्या याद्या सगळ्यात शेवटी गेल्या.

शब्दांचाही प्रश्न होता. स्लाइड इंग्रजीत आणि भाची पेपर मराठीतून लिहिते. तिच्याकडच्या एका पुस्तकात अंशदान, दुसऱ्यात योगदान. तिच्या वहीत दोन्ही आलटून पालटून येत होते आणि तिला ते दोन वेगळे प्रकार वाटत होते. आम्ही एकच शब्द ठरवला आणि शेजारी कॉन्ट्रिब्युशन हा वर्गातला शब्द एकदाच लिहिला. प्रत्येक संज्ञेला असा जोड दिला आणि तो पुढे कधी बदलला नाही.

आता व्याख्या. स्थिर खर्चाच्या स्लाइडवर इतकंच होतं की हा खर्च कायम राहतो. बदलत्या खर्चाच्या स्लाइडवर, हा खर्च उत्पादनाप्रमाणे बदलतो. मी तिला विचारलं, "चिवड्याचं एक पाकीट धर. दुकानाचं भाडं एका पाकिटावर किती पडतं, ते पाकिटं वाढली तरी तेवढंच राहतं का?" ती "हो" म्हणाली आणि लगेच थांबली. भाडं एकूण तेवढंच राहतं, पण पाकिटं दुप्पट झाली की एका पाकिटावर निम्मं पडतं. पोह्यांचं उलट: एका पाकिटाला पोहे तितकेच लागतात आणि एकूण खर्च पाकिटांबरोबर वाढतो. म्हणजे "कायम" आणि "बदलतो" हे शब्द एकूण खर्चाबद्दल आहेत, नगामागच्या खर्चाबद्दल अगदी उलटे. स्लाइडवर "एकूण" हा शब्द नव्हता. तो एक शब्द नसला की पुढचं अर्धं प्रकरण डोक्यात तिरकं बसतं.

म्हणून व्याख्या कशी लिहायची हे आम्ही ठरवून घेतलं. पहिली ओळ, ही गोष्ट काय आहे. दुसरी ओळ, ती कशाच्या संदर्भात मोजायची: एकूण की नगामागे, रुपयांत की टक्क्यांत. तिसरी ओळ, हे कुठवर खरं आहे. चौथी, एक आकडा. स्थिर खर्चाची तिने लिहिलेली नोंद अशी:

"स्थिर खर्च म्हणजे उत्पादन कमी-जास्त झालं तरी एकूण रकमेत न बदलणारा खर्च. नगामागे तो उत्पादन वाढलं की कमी होतो. एका ठरावीक काळापुरतं आणि ठरावीक क्षमतेपर्यंतच खरं, दुसरा गाळा घेतला की भाडं वाढेल. महिन्याचं भाडं आणि पगार मिळून ४५,००० रुपये."

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ती स्लाइडवर जवळजवळ कधीच नसते, आणि पुढे हीच ओळ नसल्यामुळे आमचं एक गणित चुकलं.

उदाहरणांसाठी आम्ही एकच धंदा धरला आणि तो सगळ्या पानांवर चालवला. स्लाइडवरची चार उदाहरणं चार वेगळ्या कंपन्यांची होती, दर वेळी नवे आकडे, त्यामुळे एका कल्पनेतून दुसरी कशी निघते ते दिसत नव्हतं. नाशिकमध्ये चिवडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अर्ध्या किलोच्या पाकिटाची विक्री किंमत ८० रुपये, पोहे-तेल-मसाला-पाकीट मिळून बदलता खर्च ५० रुपये, महिन्याचा स्थिर खर्च ४५,००० रुपये. आकडे आम्ही मुद्दाम सोपे भागाकार जाणारे घेतले.

एका पाकिटामागे अंशदान ८० वजा ५०, म्हणजे ३० रुपये. हा नफा नव्हे. हे ३० रुपये आधी भाडं-पगार भरायला जातात. हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं: "प्रत्येक पाकीट ४५,००० च्या खड्ड्यात ३० रुपये टाकतं. खड्डा भरला की पुढचे ३० आपले." मला ते वाक्य पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा आवडलं. पेपरात अर्थात तसं लिहायचं नाही, म्हणून ते समासात राहिलं.

खड्डा भरायला पाकिटं किती? ४५,००० भागिले ३०, म्हणजे १,५००. हा नगांमधला समविच्छेदन बिंदू. रुपयांत १,५०० गुणिले ८०, म्हणजे १,२०,०००. दुसऱ्या वाटेनेही तोच यायला हवा: पी/व्ही रेशो म्हणजे अंशदान भागिले विक्री, ३० भागिले ८०, ३७.५ टक्के. ४५,००० भागिले ०.३७५ केलं तरी १,२०,०००. ही दुसरी वाट आम्ही प्रत्येक उदाहरणाखाली "पडताळा" म्हणून लिहायची ठरवली. तिने पहिल्यांदा ४५,००० ला सरळ ३७.५ ने भागलं आणि १,२०० आले. टक्क्याचं दशांश करायला विसरली, पण पडताळ्यामुळे चूक जागेवरच सापडली.

महिन्याला २,००० पाकिटं विकली तर विक्री १,६०,०००. समविच्छेदन बिंदूच्या वरची विक्री, म्हणजे सुरक्षितता सीमा, ४०,०००. त्याला ३७.५ टक्क्यांनी गुणलं की नफा १५,०००. दुसऱ्या वाटेने, वरची ५०० पाकिटं गुणिले ३०, तेही १५,०००. एक छोटी टीप इथेच आली: स्थिर खर्च ४६,००० असता तर भागाकार १,५३३.३३ आला असता. अर्धवट पाकीट विकता येत नाही आणि १,५३३ वर खड्डा पुरता भरत नाही, म्हणून उत्तर १,५३४. अशा वेळी नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा.

आकृती स्लाइडवर सुबक होती, पण रेषांवर नावं नव्हती. तिने ती आपल्याच आकड्यांनी आलेख कागदावर काढली: विक्रीची रेषा शून्यातून निघून २,००० वर १,६०,००० ला, एकूण खर्चाची ४५,००० वरून निघून २,००० वर १,४५,००० ला. दोन्ही १,५०० वर छेदल्या तेव्हा तिचा चेहरा खुलला. एकूण खर्चाची रेषा शून्यातून काढणं ही इथली नेहमीची चूक, म्हणून ती तिथेच लाल पेनाने लिहिली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग एकोणिसावी स्लाइड आली.

तिच्यावर एक सूत्र होतं: दोन वर्षांची विक्री आणि नफा दिलेला असेल, तर पी/व्ही रेशो म्हणजे नफ्यातला फरक भागिले विक्रीतला फरक. खाली उदाहरण. पहिल्या वर्षी विक्री २,००,०००, नफा २०,०००. दुसऱ्या वर्षी विक्री २,५०,०००, नफा ४०,०००. फरक २०,००० भागिले ५०,०००, रेशो ४० टक्के. पहिल्या वर्षाचं अंशदान ८०,०००, त्यातून नफा २०,००० वजा केला की स्थिर खर्च ६०,०००. समविच्छेदन बिंदू १,५०,०००. तिने पडताळा म्हणून दुसरं वर्ष घेतलं: अंशदान १,००,००० वजा नफा ४०,०००, पुन्हा ६०,०००. बरोबर. नोंद पूर्ण झाली असं आम्हा दोघांनाही वाटलं.

दोन दिवसांनी तिने जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक गणित सोडवलं आणि मला फोन केला. आकड्यांची रचना तशीच होती. इथे सोपं जावं म्हणून मी स्लाइडच्याच आकड्यांवर सांगतो. दुसऱ्या वर्षी विक्री २,५०,०००, पण नफा ३०,०००, आणि प्रश्नात मध्येच एक वाक्य: त्या वर्षी जागेचं भाडं १०,००० रुपयांनी वाढलं. तिने सूत्र लावलं. नफ्यातला फरक १०,०००, विक्रीतला ५०,०००, रेशो २० टक्के. पहिल्या वर्षाचं अंशदान ४०,०००, म्हणून स्थिर खर्च २०,०००. पडताळा दुसऱ्या वर्षी: ५०,००० वजा ३०,०००, म्हणजे २०,०००. जुळलं. समविच्छेदन बिंदू १,००,०००.

"पडताळा जुळतोय मामा, मग मागे दिलेलं उत्तर १,७५,००० कसं?"

मी कागद घेऊन बसलो. मागे दिलेलं उत्तर खरं होतं आणि पडताळाही जुळत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यात माझी ती संध्याकाळ गेली. आपल्याला दोन वर्षं दिली आहेत आणि आपण दोनच अज्ञात काढतोय, रेशो आणि स्थिर खर्च. दोन बिंदूंतून एक सरळ रेषा नेहमी जातेच. ती दोन्ही बिंदूंना जुळणारच, कारण आपण ती त्याच दोन बिंदूंवरून काढली. म्हणजे हा पडताळा फक्त बेरीज-वजाबाकीची चूक पकडतो. मुळात दोन्ही वर्षं एकाच रेषेवर आहेत की नाहीत, हे तो सांगूच शकत नाही. भाडं वाढलं तेव्हा रेषाच बदलली होती.

बरोबर पद्धत अशी: भाडेवाढ आधी परत मिळवायची. दुसऱ्या वर्षाचा नफा ३०,००० अधिक १०,०००, म्हणजे जुन्या भाड्यावर ४०,००० झाला असता. आता फरक २०,००० भागिले ५०,०००, रेशो ४० टक्के. पहिल्या वर्षाचा स्थिर खर्च ६०,०००, दुसऱ्याचा ७०,०००. दुसऱ्या वर्षाचा समविच्छेदन बिंदू ७०,००० भागिले ०.४०, म्हणजे १,७५,०००. चुकीच्या उत्तरात धंदा १,००,००० लाच सुटतो असं दिसत होतं. प्रत्यक्षात आणखी ७५,००० ची विक्री लागत होती. चूक अशी धोकादायक बाजूला झुकलेली होती.

मग मी तिला तिची वर्गातली कच्ची वही काढायला लावली, त्या तासाची. समासात, तिरक्या अक्षरात, पेन्सिलीने दोन शब्द होते: एफ.सी. सेम. मॅडमनी तोंडी अट सांगितली होती की हे सूत्र स्थिर खर्च, विक्री किंमत आणि नगामागचा बदलता खर्च दोन्ही वर्षी तेच असतील तरच चालतं. तिने ते लिहिलंही होतं. पण नोट्स स्लाइडवरून बनवत असल्यामुळे ती वही उघडलीच गेली नव्हती, आणि ती उघड असं मीही तिला सांगितलं नव्हतं. स्लाइडवर सूत्र होतं आणि अट वर्गात बोलली गेली होती. सगळ्याच स्लाइडचं असं असतं: त्या बोलणाऱ्या माणसाला आधार म्हणून केलेल्या असतात, म्हणून जे बोलायचं ते त्यांच्यावर नसतं.

त्या रात्री आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. एका बाजूला स्लाइड, दुसऱ्या बाजूला कच्ची वही, आणि प्रत्येक सूत्राखाली "कधी चालतं" अशी एक ओळ. सातपैकी पाच सूत्रांची अट वहीत सापडली, एकाची आम्ही पाठ्यपुस्तकातून घेतली. एकोणिसाव्या स्लाइडच्या पानावर चुकीचं गणितही तसंच ठेवलं, वर काट मारून, शेजारी बरोबर गणित. आणि प्रश्नात कोणते शब्द दिसले की थांबायचं, तेही लिहिलं: भाडेवाढ, नवीन यंत्र, पगारवाढ, किमतीत कपात.

मांडणी साधी ठेवली. फुलस्केप पानाला डावीकडे चार बोटांचा समास, त्यात फक्त प्रश्न, उजवीकडे उत्तर. उजवी बाजू वहीने झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे. उदाहरणांच्या पानावर उजवीकडची पायरी झाकायची आणि आकडे बदलून पुन्हा करायचं: स्थिर खर्च ६०,००० झाला तर? पोहे महागून बदलता खर्च ५५ झाला तर? पाच रुपयांच्या त्या वाढीने अंशदान ३० वरून २५ होतं आणि १,५०० पाकिटांची १,८०० होतात. हे तिने स्वतः काढून पाहिलं, आणि फायद्या-मर्यादांची यादी तिला त्यानंतर जास्त सहज आठवू लागली.

झाकून आठवण्याचा आग्रह मी एका कारणाने धरला. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. भाचीच्या "चार वेळा वाचलं, सगळं कळतं" या वाक्यात नेमकं ते पाच मिनिटांचं पुढे असणं होतं.

एकतीस स्लाइडची सात पानं झाली. एक चौकट मात्र रिकामी राहिली होती. सत्ताविसाव्या स्लाइडवर "की फॅक्टर" एवढंच लिहिलेलं होतं. खाली सूत्र, पण उदाहरण नाही, आणि कच्च्या वहीत त्या ठिकाणी काहीच नाही. तिला आठवलं, त्या वेळी ती बस गाठायला लवकर निघाली होती. मी उत्तर सांगू शकलो असतो, पण तिने मॅडमना विचारावं असं मला वाटलं, कारण पेपर त्यांच्या पद्धतीने तपासला जाणार. ती दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आली.

मॅडमनी सांगितलं ते तिने घरी येऊन चिवड्यावरच बसवलं. तळायची कढई एकच आहे आणि तिचा वेळ मोजका आहे, म्हणून तो वेळ हाच की फॅक्टर. साध्या चिवड्याच्या पाकिटामागे अंशदान ३० रुपये, कढई लागते तीन मिनिटं. कांदा चिवड्याच्या पाकिटामागे ४० रुपये, पण पाच मिनिटं. पाकिटामागे पाहिलं तर कांदा चिवडा भारी दिसतो. कढईच्या मिनिटामागे पाहिलं तर साधा १० रुपये देतो आणि कांद्याचा ८. वेळ तुटपुंजा असेल, तर साध्या चिवड्याची मागणी आधी पुरी करायची आणि उरलेल्या मिनिटांत कांद्याचा. "कधी चालतं" या ओळीत तिने लिहिलं: टंचाई एकाच गोष्टीची असेल तेव्हा. तेल आणि वेळ दोन्ही कमी असतील तर हे पुरत नाही.